बुध शुक्रावर आदळेल का? हे गणित पाच अब्ज वर्षं चालवायचं, तर चूक वाढू कशी द्यायची नाही?

२००९ साली पॅरिस वेधशाळेतले जाक लास्कर आणि मिकाएल गास्तिनो यांनी आपली सूर्यमाला संगणकावर पुढची पाच अब्ज वर्षं फिरवून पाहिली. एकदा नाही, २,५०१ वेळा. दर वेळी बुधाची सुरुवातीची कक्षा फक्त ०.३८ मिलिमीटरने वेगळी ठेवली होती. साधारण १ टक्का वेळा बुधाची कक्षा इतकी लांबट झाली, की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळण्याची शक्यता तयार झाली.

इथे एक शंका यायलाच हवी. संगणक ग्रहाला सलग फिरवत नाही. तो छोट्या छोट्या पावलांनी पुढे सरकवतो. या अभ्यासात एक पाऊल होतं सुमारे नऊ दिवसांचं, म्हणजे पाच अब्ज वर्षांसाठी जवळजवळ २०० अब्ज पावलं. प्रत्येक पावलाला बारीकशी चूक होणारच. मग बुध भरकटला तो गुरुत्वाकर्षणामुळे, की साचलेल्या चुकांमुळे?

कक्षेचा आकार ग्रहाच्या ऊर्जेवर ठरतो. गणितात ऊर्जा हळूहळू वाढत गेली, तर ग्रह आपोआप सूर्यापासून लांब जाईल आणि तो निष्कर्ष खोटा असेल. म्हणून पावलं टाकण्याची पद्धत अशी हवी, की ऊर्जेतली चूक साचत जाणार नाही. अशा पद्धतींना सिंप्लेक्टिक इंटिग्रेटर म्हणतात. लास्कर आणि गास्तिनो यांनी याच कुळातली पद्धत वापरली होती.

हे कसं जमतं, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहता येतं. वर्तुळात फिरणाऱ्या ग्रहाकडे कक्षेच्या पातळीत राहून बाजूने पाहिलं, तर तो एका रेषेवर इकडून तिकडे झुलताना दिसतो, अगदी स्प्रिंगला लावलेल्या वजनासारखा. `x` हे मध्यापासूनचं अंतर आणि `v` हा वेग. एककं सोयीची घेतली, तर ओढ `-x` इतकी असते आणि `x² + v²` ही बेरीज ऊर्जेचं माप होते. खऱ्या हालचालीत ती कधीच बदलत नाही. आपलं पाऊल `h` आपण ०.१ धरू. एका पूर्ण झोक्याला साधारण ६३ पावलं लागतील.

सगळ्यात सरळ पद्धत ऑयलरची. आत्ताचं अंतर आणि आत्ताचा वेग घ्या आणि दोन्ही एकदम पुढे सरकवा:

```python
x, v = x + h*v, v - h*x
```

सुरुवात `x` = १, `v` = ० अशी करू. एका पावलानंतर `x` = १, `v` = −०.१ आणि बेरीज १.०१. पुढच्या पावलाला `x` = ०.९९, `v` = −०.२ आणि बेरीज १.०२०१. दर पावलाला ऊर्जा बरोबर १ टक्क्याने वाढते, म्हणजे चक्रवाढ व्याजच. एक झोका पूर्ण होईपर्यंत ती सुमारे ८७ टक्के वाढलेली असते.

आता फक्त क्रम बदला. आधी वेग बदला आणि मग तो नवा वेग वापरून अंतर बदला:

```python
v = v - h*x
x = x + h*v
```

पहिल्या पावलानंतर `v` = −०.१, `x` = ०.९९, बेरीज ०.९९०१. दुसऱ्यानंतर `v` = −०.१९९, `x` = ०.९७०१, बेरीज सुमारे ०.९८०७. इथेही चूक आहेच, मग फायदा काय झाला?

फायदा दिसतो तो `x² + v² − h·x·v` या बेरजेत. सुरुवातीला ती १ होती. पहिल्या पावलानंतर ०.९९०१ अधिक ०.००९९, म्हणजे १. दुसऱ्यानंतरही १. कितीही पावलं टाका, ती १ च राहते (बीजगणिताच्या तीन-चार ओळींत हे सिद्ध होतं, करून पाहा). म्हणजे ही पद्धत खरी ऊर्जा जपत नाही, पण तिच्या अगदी शेजारची एक ‘सावली ऊर्जा’ तंतोतंत जपते. खरी ऊर्जा सावलीला बांधलेली असल्यामुळे ती ०.९५ ते १.०५ च्या आसपास वरखाली होत राहते. शंभर पावलांनंतर तेवढीच, शंभर कोटी पावलांनंतरही तेवढीच.

अचूक पद्धत वापरली की भागतं, असं अनेकांना वाटतं. लोकप्रिय चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत याच स्प्रिंगवर दर पावलाला ऊर्जेत जेमतेम सात कोटींत एक भाग एवढीच चूक करते. पण ती चूक दर वेळी एकाच दिशेने होते, ऊर्जा घटतच जाते. सुमारे साडेअकरा लाख झोक्यांनंतर ऊर्जा ३७ टक्क्यांवर आलेली असते. सूर्यमालेच्या हिशेबात साडेअकरा लाख फेऱ्या म्हणजे काहीच नाही. मोठी पण बांधलेली चूक परवडते, बारीक पण एकाच बाजूला सरकणारी परवडत नाही.

खऱ्या ग्रहांसाठी सावली ऊर्जा स्प्रिंगइतकी तंतोतंत जपली जात नाही. पण पाऊल पुरेसं लहान असेल, तर ती अतिशय दीर्घ काळ जवळपास स्थिर राहते. १९९१ साली जॅक विज्डम आणि मॅथ्यू होल्मन यांनी यावर एक नामी युक्ती काढली. सूर्याभोवतीचा लंबवर्तुळाकार प्रवास तर केप्लरच्या सूत्रांनी नेमका काढता येतो. मग पावलं टाकताना चूक फक्त ग्रहांच्या एकमेकांवरच्या ओढीतूनच येऊ द्यायची. सर्वांत मोठ्या गुरूचंही वस्तुमान सूर्याच्या साधारण हजाराव्या भागाइतकंच, त्यामुळे चूकही त्या प्रमाणात लहान होते आणि मोठी पावलं चालतात.

ही पद्धत बिघडते कुठे? सावली ऊर्जेच्या सूत्रात `h` आहे, हे लक्षात ठेवा. ग्रह जवळ आला म्हणून पाऊल लहान केलं आणि लांब गेला की पुन्हा मोठं, असं सतत करत राहिलं तर दर वेळी सावलीच बदलते आणि चूक पुन्हा साचू लागते. दुसरीकडे, दोन ग्रह फार जवळ आले तर ठरावीक पाऊल त्यांच्या वळणासाठी मोठं पडतं. २००९ च्या अभ्यासातही कक्षा फार लांबट झाली, की पाऊल कमी करावं लागलं होतं. बिघाड ओळखायला ऊर्जेतल्या चुकीचा आलेख काढतात. चूक एका पट्ट्यात वरखाली होत असेल तर ठीक. पट्टा चढायला किंवा उतरायला लागला, तर त्यापुढच्या निकालांवर विसंबता येत नाही.

पट्टा सपाट आहे म्हणजे ग्रहाची जागाही बरोबर, असं मात्र नाही. आपल्याच स्प्रिंगमध्ये वजन खऱ्यापेक्षा किंचित लवकर झोका पूर्ण करतं, साधारण २,४०० त एक भाग इतकं. म्हणजे १,२०० झोक्यांनंतर ते नेमकं उलट्या टोकाला असेल आणि ऊर्जेचा आलेख मात्र निर्दोष दिसेल. ग्रहांच्या बाबतीत यात अराजकी गतीची भर पडते. सुरुवातीतला बारीक फरकही तिच्यात झपाट्याने वाढत जातो. म्हणूनच लास्कर आणि गास्तिनो यांनी ‘अमुक वर्षी बुध कुठे असेल’ हा प्रश्नच विचारला नाही. २,५०१ वेळा गणित चालवून त्यांनी एवढंच मोजलं, की त्यातल्या किती वेळा बुध भरकटतो.