ठुशी की नाणं?

लग्नाच्या यादीतली कार्यालय, जेवणावळ, मानपान, साड्या ही सगळी नावं एकेक करून खोडली गेली, आणि साताऱ्यातल्या एका घरात सोन्यासाठी १ लाख १० हजार रुपये उरले. मंगळसूत्र मुलाकडून येणार होतं. मुलीला माहेरून काय घालायचं, एवढाच प्रश्न बाकी होता. हे घर काल्पनिक आहे, पण असा हिशेब बऱ्याच घरांत चाललेला असतो.

आईच्या मनात दहा ग्रॅमची ठुशी होती. वडील म्हणाले, "दहा ग्रॅमचं नाणं घेऊ. घडणावळ वाचेल."

सराफाने दोन्हींचा हिशेब कागदावर मांडला. भाव रोज बदलतो, म्हणून आपण सोयीसाठी चोख सोनं ग्रॅमला १०,००० रुपये धरू. नाणं २४ कॅरेटचं. सोन्याचे १ लाख, २ टक्के घडणावळ आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी मिळून १,०५,०६० रुपये. ठुशी २२ कॅरेटची, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, म्हणून सोन्याची किंमत ९१,६००. त्यावर १५ टक्के घडणावळ आणि तोच कर धरून साधारण १,०८,५०० रुपये. बिलातला फरक जेमतेम साडेतीन हजारांचा दिसतो. आई तिथेच सुखावली.

खरी तफावत मोडताना कळते. त्याच भावात मोडायला गेलं तर सराफ सोन्याचे पैसे देतो, घडणावळ आणि कर परत मिळत नाही. म्हणजे नाण्यात पाच हजारांची खोट, ठुशीत जवळजवळ सतरा हजारांची. त्यातून ठुशीत लाख किंवा खडे असतील तर त्यांचं वजन वजा होतं, आणि काही दुकानं वर घटही धरतात. म्हणून घेतानाच बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्यावं. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की त्याची शुद्धता समोर येते.

इथे आत्याबाई बोलल्या आणि त्यांचं म्हणणं मला वजनदार वाटतं. "वहिनी, गळ्यातला दागिना मोडायला बाई दहादा विचार करते. नाणं कपाटात पडलेलं असतं, सासरी पहिली अडचण आली की तेच बाहेर निघतं." आकड्यांच्या कागदावर हे कुठेच नव्हतं. घडणावळ हा खर्च खरा, पण दागिना सहजासहजी मोडला जात नाही, ही बचतही खरी.

मग वडिलांनी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, ठुशी मला आवडते, पण वर्षातून दोन सणांना घालेन. दोन वर्षांत आम्हाला घराचं डिपॉझिट भरायचंय. तेव्हा ती मोडायची वेळ आली तर आईलाच जास्त वाईट वाटेल."

तिच्या या उत्तराने प्रश्न सुटला. दोन वर्षांत मोडायचंच असेल तर घडणावळीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं घालायचं असतं तर मी ठुशीच्या बाजूने बोललो असतो.

तिने आणखी एक विचारलं, "पन्नास हजारच लागले तर?" दहा ग्रॅमचं एकच नाणं अर्धं मोडता येत नाही. म्हणून पाच-पाच ग्रॅमची दोन घ्यायचं ठरलं. लहान नाण्याला ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते. ती ३ टक्के धरली तर बिल १,०६,०९० रुपये, म्हणजे हजारभराने जास्त, पण अर्धं सोनं राखून ठेवण्याची सोय झाली.

बँकेतून नाणी घेऊ असं मामा म्हणाले होते, पण बँका विकलेली नाणी परत घेत नाहीत, मोडायला सराफाकडेच जावं लागतं. त्यामुळे परत घेण्याची अट बिलावर लिहून देणारा सराफ निवडला. नाण्यांची सीलबंद पाकिटं फोडायची नाहीत, असं त्याने बजावलं. फोडलेल्या पाकिटातलं नाणं पुन्हा तपासावं लागतं. बिल वडिलांनी मुलीच्या नावावर करायला सांगितलं. माहेरचं सोनं हे तिचं स्त्रीधन, आणि पुढे कधी वाद झालाच तर तिच्या नावाचा कागद तिच्याकडे हवा.

उरलेल्या ३,९१० रुपयांतून आईने एक ग्रॅमवाली ठुशी आणि तिच्या जोडीची कर्णफुलं घेतली. आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण अक्षता पडताना गळ्यात तीच होती.