पत्र्याचे छप्पर : चुना, पांढरा रंग आणि गंज

उन्हाळा सुरू झाला की पत्र्याच्या छपरांवर चुन्याची सफेती देण्याचा प्रघात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळतो. त्यामागील हेतू उघड आहे, आणि सफेतीने छप्पर कमी तापते हेही खरे आहे. परंतु दोन-तीन वर्षांनी त्याच पत्र्यावर गंजाचे डाग उमटतात, त्यांवर पांढरा तैलरंग दिला जातो आणि तोही एका पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. चुना वाईट किंवा रंग हलका, असा दोष यावेळी दिला जातो. वस्तुतः कारण निराळेच असते. ज्याला आपण ‘पत्रा’ या एका शब्दाने संबोधितो ती वस्तू एक नसून दोन आहेत : आत लोखंड व वर जस्त. या दोन धातूंचे स्वभाव परस्परांहून भिन्न आहेत, आणि जो उपचार एकाला मानवतो तो दुसऱ्याला मानवतोच असे नाही.

पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री पामर याने १८२९ साली घेतले, तर लोखंडावर जस्ताचा थर चढविण्याचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली घेतले. या दोन युक्त्या एकत्र आल्या तेव्हा आजचा जस्ती पत्रा सिद्ध झाला. त्यावरील जस्ताचा थर किती पातळ असतो याची कल्पना सहसा नसते. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूचा थर सुमारे साडेआठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. पत्र्याचे सारे आयुष्य या थरावर अवलंबून असते.

प्रथम उष्णतेचा विचार करू. नवा पत्रा चकाकतो, म्हणून तो थंड राहील असे वाटते. पण तसे घडत नाही. चकाकणारे जस्त उन्हाचा बराच भाग परतवते हे खरे, परंतु जो भाग त्यात शिरतो तो प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्या अंगी फार थोडी असते. पांढऱ्या रंगाचे वा चुन्याचे गुण येथे दुहेरी उपयोगी पडतात. तो उन्हाचा मोठा हिस्सा परतवतो आणि शोषलेली उष्णता सहज बाहेरही टाकतो. गंजलेला पत्रा उष्णता बाहेर टाकण्यात कमी नसतो, पण तो ऊन मोठ्या प्रमाणात शोषून घेतो.

उदाहरणादाखल विदर्भातील एक खोली घेऊ. तिचे छप्पर ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे. मे महिन्यातील दुपारी हवेचे तापमान ४२ अंश सेल्सियस असून दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट ऊन पडत आहे. गंजलेला तपकिरी पत्रा त्यातील सुमारे ८० टक्के, म्हणजे ७२० वॅट शोषतो. ताजा पांढरा थर सुमारे २५ टक्के, म्हणजे २२५ वॅट. वीस चौरस मीटरच्या छपरावर हा फरक जवळजवळ १०,००० वॅट होतो, म्हणजे एक हजार वॅटच्या दहा विजेच्या शेगड्यांइतका. ही सगळी उष्णता खोलीत उतरत नाही. पुष्कळशी वाऱ्याबरोबर जाते. पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून दर अंशाला व दर चौरस मीटरला सुमारे २५ वॅट उष्णता गमावतो असे धरले, तर गंजका पत्रा ७१ अंशांच्या आसपास आणि पांढरा पत्रा ५१ अंशांच्या आसपास स्थिरावतो. खोलीतील हवेच्या तापमानात एवढा फरक पडत नाही. परंतु डोक्यावरच्या तापल्या पत्र्याची जी धग अंगाला जाणवते ती या वीस अंशांनी पुष्कळच निवते.

यातूनच एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. पत्र्याची आतली बाजू अजून चकचकीत असेल तर तिला पांढरा रंग देऊ नये. उष्णता बाहेर टाकण्यातील जस्ताचा जो मंदपणा वरच्या बाजूला अवगुण ठरतो, तोच आतल्या बाजूला गुण ठरतो. कारण त्यामुळे खोलीत येणारी धग कमी होते. आतून रंग दिल्यास खोली उजळ दिसेल, पण धग वाढेल.

आता चुन्याकडे वळू. मराठीत ‘चुना’ हा एकच शब्द तीन पदार्थांना लावला जातो. भट्टीतून निघालेला कळीचा चुना, तो पाण्यात भिजवून झालेली निवळ, आणि वाळल्यावर मागे उरलेला पांढरा थर हे रसायनदृष्ट्या निरनिराळे आहेत. कळीच्या एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी घालून तो दिवसभर मुरू दिला आणि जाड फडक्यातून गाळला म्हणजे सफेती तयार होते. चुना पाण्यात पडताच उकळतो व उडतो, म्हणून हे काम पत्र्याच्या पिंपात, डोळे झाकून आणि चुन्यावर पाणी न ओतता पाण्यात चुना सोडून करावे. हा ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. जस्त अम्लाप्रमाणेच तीव्र अल्कानेही झिजते. म्हणून सफेती ओली असेतो ती जस्ताला थोडीबहुत खाते. लोखंडाचे नेमके उलट आहे. अल्कधर्मी वातावरणात लोखंड गंजत नाही. सिमेंटकाँक्रीटमधील सळ्या सुरक्षित राहतात त्या याच कारणाने.

परंतु ही दोन्ही कार्ये अल्पकाळची आहेत. हवेतील कर्बवायू शोषून चुन्याचा खडू बनतो आणि त्याचा अल्कधर्म संपतो. आता तो जस्ताला खात नाही, तसा लोखंडाला राखतही नाही. तो केवळ एक सच्छिद्र थर असतो. दव व पाऊस तो धरून ठेवतो, आणि त्याच्या आड लोखंड गंजत राहिले तरी वरून दिसत नाही. सफेती चिकटावी म्हणून तीत मीठ घालण्याची रीत आहे. भिंतीवर ती चालते, पत्र्यावर मात्र घातक ठरते, कारण मिठातील क्लोराइड गंजाला वेग देते. तात्पर्य, जस्त शाबूत असलेल्या पत्र्यावर बिनमिठाची सफेती हा एका उन्हाळ्याचा स्वस्त उपाय आहे. पहिल्या जोरदार पावसात ती बहुतांशी धुऊन जाते, आणि तसे होणे पत्र्याच्या हिताचेच असते. गंजलेल्या पत्र्यावर ती देणे म्हणजे जखमेवर ओले फडके बांधून ठेवणे होय.

जुन्या पत्र्यावर टिकाऊ पांढरा रंग द्यावयाचा तर आधी गंजाची परीक्षा करावी लागते. भर दुपारी खोलीची दारे-खिडक्या लावून वर पाहिले असता उजेडाचे बारीक ठिपके दिसले, तर तेथे पत्रा आरपार गेला आहे. दोन पत्रे एकमेकांवर चढतात ती पट्टी आणि हुकांच्या चकत्यांभोवतीचा भाग बोथट पेचकसाने दाबून पाहावा. तो दबला किंवा पोपडा निघून खाली धातू उरला नाही, तर तो पत्रा बदलावा. रंगाने भोक बुजत नाही. तपासणीसाठी छपरावर चढताना खालच्या वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावे, कारण गंजलेला पत्रा माणसाचे वजन पेलेलच असे नाही.

यानंतर जुनी सफेती, शेवाळ व धूळ पाण्याने आणि साध्या धुण्याच्या पुडीने काढून टाकावी. कोकणकिनाऱ्यावर गोड्या पाण्याने धुणे विशेष अगत्याचे, कारण खाऱ्या वाऱ्याने आलेले मीठ रंगाखाली राहिले तर ते ओल ओढून घेते आणि रंगाला फोड येतात. मग गंजलेला भाग तेवढाच तारेच्या ब्रशाने खरवडावा. जेथे करडे, मंद जस्त शाबूत आहे तेथे तारेचा ब्रश किंवा विजेचे घासण्याचे यंत्र लावू नये. साडेआठ मायक्रॉनचा थर उडण्यास काही क्षण पुरतात, आणि आज न गंजलेला भाग पुढील वर्षी गंजू लागतो. तेथे भांडी घासण्याची नायलॉनची घासणी पुरे.

खरवडल्यावर जो घट्ट, तांबूस गंज खाचांत उरतो त्यावर गंज-परिवर्तक द्रव लावतात. त्यांपैकी काहींत टॅनिक अम्ल असते. त्याचा गंजाशी संयोग होऊन निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग व शाई करण्याच्या जुन्या कृतीत हीच क्रिया घडत असे. डाग काळा झाला म्हणजे क्रिया घडली असे समजावे. तांबडा राहिला तर गंजाचा थर अद्याप जाड व सुटा आहे, आणि पुन्हा खरवडणे प्राप्त आहे. हा द्रव शाबूत जस्तावर पसरू देऊ नये. फॉस्फरिक अम्लाचा परिवर्तक तर जस्तालाही खातो.

यापुढे अस्तराचा प्रश्न येतो, आणि बहुतेक कामे बिघडतात ती येथेच. लोखंडी दारांना दिले जाणारे तेलयुक्त तांबडे अस्तर लोखंडावर चांगले टिकते. जस्ताशी मात्र त्यातील तैलाम्लांचा संयोग होऊन एक प्रकारचा साबण बनतो आणि रंगाची पकड सुटते. जुन्या पत्र्यावर काळे केलेले लोखंड व करडे जस्त शेजारीशेजारी असतात. म्हणून दोहोंना मानवणारे, पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक धातु-अस्तर निवडावे, आणि ते जस्ती पत्र्यासाठी चालते असे डब्यावर लिहिले आहे याची खात्री करून घ्यावी. शिसे असलेला शेंदूर किंवा क्रोमेटयुक्त अस्तर विषारी असल्याने टाळावे. खरवडणे व अस्तर यांत रात्र जाऊ देऊ नये. दवाने उघड्या लोखंडावर पुन्हा गंज धरतो. त्यावर बाहेरच्या कामाचा पांढरा अॅक्रिलिक रंग दोन हातांत द्यावा. पन्हळीमुळे वरील खोलीचे वीस चौरस मीटरचे छप्पर प्रत्यक्षात सुमारे २२ चौरस मीटर भरते. एका लिटरात ८ चौरस मीटर धरले तर अस्तराला पावणेतीन आणि दोन हातांच्या रंगाला साडेपाच लिटर लागतात. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी दव वाळल्यावर व पत्रा तापण्यापूर्वी करावे. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच वाळतो.

रंग सुटलाच तर सुटलेला पापुद्रा उलटून पाहावा. पाठ तपकिरी असेल तर गंज पुरता निघाला नव्हता किंवा मीठ राहिले होते. पाठ स्वच्छ असून खाली करडे जस्त दिसत असेल तर अस्तर चुकले होते. पहिल्या बिघाडात तेवढा भाग पुन्हा खरवडून भागते. दुसऱ्यात मात्र उरलेला रंगही कालांतराने सुटणार हे धरून तो सगळाच काढावा लागतो. रंग घट्ट असूनही छप्पर पूर्वीसारखे तापू लागले, तर बहुधा त्यावर धूळ बसलेली असते. अशा वेळी नवा हात न देता उन्हाळ्याच्या आरंभी ते नुसते धुऊन काढले तरी रंगाचा परावर्तनाचा गुण बराचसा परत येतो.