खेळाडू शोधताना (भाग 5) : आठ पोरं, सात सामने

गेल्या आठवड्यात आपण शहरातल्या अकादम्यांच्या निवड चाचण्या पाहिल्या. आता नागपूर-अमरावती महामार्गावर तिवस्याला उतरू. तालुक्याचं ठिकाण, आजूबाजूला कापूस, तूर, संत्री. शाळेच्या मैदानावर कबड्डीची आखणी दिसते, खो-खोचे खांब दिसतात, गोलपोस्ट बहुधा नसतात.

अशा गावातल्या पोराला वर जायचा सरकारी रस्ता म्हणजे शालेय स्पर्धा. सुब्रतो चषक 1960 पासून चालू आहे, पण त्यात नाव संघाचं जातं, एकट्या पोराचं नाही. ज्या शाळेत अकरा जण जमत नाहीत, तिथला चांगला पोरगा जिल्ह्यापर्यंत पोचतच नाही. त्यात हे सामने साधारण पावसाळ्यात होतात. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत तेव्हा पाय रुततो आणि चेंडू जागेवर बसतो. मग ताकदवान पोरगा उठून दिसतो, चपळ पोरगा दिसत नाही. अकादमीने यायचं तर दिवाळीनंतर, जमीन कडक झाल्यावर यावं.

दुसरा रस्ता क्रीडा प्रबोधिनीचा. तिथे उंची, वजन, 30 मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर धाव अशा कसोट्या घेतात. अ‍ॅथलेटिक्ससाठी त्या ठीक आहेत. फुटबॉलमध्ये मात्र चेंडू येण्याआधी पोरगा मान वळवून कुठे बघतो, हे कुठल्याच टेपने मोजता येत नाही. त्यासाठी त्याला खेळवावंच लागतं.

पण ज्याने कधी संघातून खेळलंच नाही, त्याला खेळवायचं कसं? अकरा-अकराचा सामना लावला तर अर्ध्या तासात त्याच्या पायाला चेंडू चारदा लागला तरी पुष्कळ. म्हणून आठ-आठचे गट करावेत आणि चार विरुद्ध चार खेळवावं. मैदान साधारण 30 बाय 20 मीटर, गोल म्हणजे दोन विटा, गोलकीपर नाही. सामना पाच मिनिटांचा. प्रत्येक सामन्याला संघ मोडून नवे करायचे. पहिल्या क्रमांकाच्या पोराचा संघ सात सामन्यांत असा असतो:

1-2-3-4, 1-2-5-6, 1-2-7-8, 1-3-5-7, 1-3-6-8, 1-4-5-8, 1-4-6-7.

उरलेले चौघे दुसरा संघ. या मांडणीत कुठलीही दोन पोरं बरोबर तीनदा एका बाजूला आणि चारदा समोरासमोर येतात. जिंकलेल्या बाजूच्या चौघांनाही प्रत्येकी तीन गुण, बरोबरी झाली तर एक. गोल कुणी मारला याची नोंद नको, नाहीतर कुणी पासच देणार नाही. ज्याच्यामुळे कुठलाही संघ सुधारतो त्याची बेरीज आपोआप चढते, मग त्याची किक कच्ची का असेना. “सर, मले नाई येत फुटबॉल,” असं म्हणून बाजूला उभा राहणारा कबड्डीचा चढाईपटू या बेरजेत कधीकधी वर निघतो.

क्रमांक मात्र वयाप्रमाणे द्यावेत : 1 सर्वांत मोठा, 8 सर्वांत लहान. बारा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि निवडणारा त्या अंतरालाच गुणवत्ता समजून बसतो. 2017 साली नेदरलँड्समधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निवडणाऱ्यांच्या हाती जन्मतारखांची यादी दिली तरी त्यांचा कल मोठ्या पोरांकडेच राहिला. जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले, तेव्हाच तो कल गेला. अर्थात कागदावरच्या तारखेवर किती विसंबायचं हाही प्रश्न आहेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून दिलेली पिढी आपल्या घरोघरी आहे. म्हणून दाखला जन्मनोंदीचा मागावा, शाळेचा नको.

आता या पद्धतीची खोट. समजा चाळीस पोरं आली, म्हणजे पाच गट. बरोबरी बाजूला ठेवू आणि धरून चालू की सगळी सारखीच खेळतात. तरीही सातपैकी सहा किंवा सात सामने निव्वळ नशिबाने जिंकण्याची शक्यता सोळात एक येते. म्हणजे चाळिसांत दोन-तीन पोरं काही विशेष नसताना यादीत वर दिसणार. एकाच दिवसात निवड आटोपणारी अकादमी नेमकी हीच पोरं पुण्याला घेऊन जाते आणि वर्षभराने परत पाठवते.

यावर उपाय म्हणजे दुसरा रविवार. वरच्या सोळांना नव्याने दोन गटांत टाकून पुन्हा सात सामने खेळवावेत. नशीबवान पोरं इथे बहुतेक खाली घसरतात. जो पुन्हा वर राहतो, त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांची उंची विचारून घ्यावी. आज बुटका दिसणारा पोरगा उशिरा वाढणारा असू शकतो. गोलकीपर या पद्धतीत सापडत नाही, त्याला वेगळं शोधावं लागतं. मुलींचे गट वेगळे करावेत. त्यांना बोलावणं धाडताना शाळेतल्या बाईंना सोबत घ्यावं, नाहीतर मैदानावर पोरंच पोरं जमतात.

पुढच्या भागात गोलकीपर.