पावसाचा तक्ता आणि शेअरची जोखीम

१५ एप्रिल २०२४ रोजी भारतीय हवामान खात्याने मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर केला. देशभरात दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडेल, ही बातमी सगळीकडे झळकली. त्या आकड्याखाली एक छोटा तक्ताही होता, त्याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. पाऊस अपुरा पडण्याची शक्यता २ टक्के, सरासरीहून कमी पडण्याची ८, सरासरीइतका पडण्याची २९, सरासरीहून जास्त पडण्याची ३१ आणि अतिजास्त पडण्याची ३० टक्के, असे त्यात नोंदवले होते. पाच शक्यता, पाच टक्केवाऱ्या, आणि बेरीज बरोबर १००.

गुंतवणुकीतली जोखीम मोजायची झाली, तर सुरुवात अशाच तक्त्यापासून होते. ट्रॅक्टर बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचा शेअर घेऊ. पाऊस चांगला झाला की शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो आणि ट्रॅक्टरचा खप वाढतो. पावसाने दगा दिला की खरेदी पुढच्या वर्षावर जाते. सोयीसाठी हवामान खात्याच्या पाच ओळींच्या तीन करू आणि आकडे जवळच्या दशकात बसवू. कमी पावसाची शक्यता १० टक्के, सरासरी पावसाची ३० आणि जास्त पावसाची ६०. प्रत्येक ओळीपुढे शेअरचा वर्षभराचा परतावा लिहू. हे परतावे समजावून सांगण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.

| पाऊस | शक्यता | परतावा |
|---|---|---|
| कमी | ०.१० | −२० टक्के |
| सरासरी | ०.३० | +१० टक्के |
| जास्त | ०.६० | +२० टक्के |

आता प्रत्येक परताव्याला त्याच्या शक्यतेने गुणायचे आणि आलेले आकडे एकत्र करायचे. उणे २, अधिक ३, अधिक १२. म्हणजे १३ टक्के. हाच अपेक्षित परतावा. नावात ‘अपेक्षित’ असले तरी वर्षाअखेरीस १३ टक्के हातात पडतील, असा त्याचा अर्थ नाही. तक्त्यात १३ टक्क्यांची ओळच नाही. मिळतील ते उणे २०, १० किंवा २० टक्के. हीच परिस्थिती पुन्हा पुन्हा आली, तर सरासरी जिथे जाऊन स्थिरावेल तो आकडा १३.

पण मुदत ठेवीने १३ टक्के देणे आणि या शेअरचा अपेक्षित परतावा १३ टक्के असणे, या दोहोंत फरक आहे, आणि तो मोजायला दुसरा आकडा लागतो. प्रत्येक ओळीतला परतावा १३ पासून किती दूर आहे ते पाहू. कमी पावसात ३३ ने खाली, सरासरी पावसात ३ ने खाली, जास्त पावसात ७ ने वर. ही अंतरे त्यांच्या शक्यतांनी गुणून तशीच मिळवली तर बेरीज नेहमी शून्यच येते, कारण वरची आणि खालची अंतरे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून आधी त्यांचे वर्ग करायचे: १०८९, ९ आणि ४९. मग शक्यतांनी गुणायचे: १०८.९, २.७ आणि २९.४. एकूण १४१. याला प्रचरण किंवा व्हेरियन्स म्हणतात.

हे १४१ म्हणजे १४१ टक्के नव्हेत. अंतरांचे वर्ग केल्यामुळे एककाचाही वर्ग झालेला असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून थेट काही बोलता येत नाही. म्हणून त्याचे वर्गमूळ काढायचे. ते सुमारे ११.९ टक्के येते. हे झाले प्रमाण विचलन, म्हणजेच स्टँडर्ड डिव्हिएशन. परताव्याच्याच एककात असल्याने ते १३ च्या शेजारी ठेवून वाचता येते.

त्या १४१ मध्ये एक गोष्ट निरखून पाहण्यासारखी आहे. त्यातले १०८.९, म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक, एकट्या कमी पावसाच्या ओळीतून आले आहेत. त्या ओळीची शक्यता मात्र जेमतेम दहात एक. वर्ग केल्याने लांबची अंतरे फार मोठी होतात, त्यामुळे शेअरची जवळपास सारी जोखीम एका क्वचित घडणाऱ्या प्रसंगात साठलेली दिसते.

संगणकावर हे काम तीन ओळींत होते. शक्यता B रकान्यात आणि परतावे C रकान्यात असतील, तर E2, E3 आणि E4 या घरांत अनुक्रमे पुढची सूत्रे लिहायची:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)
=SUMPRODUCT(B2:B4,(C2:C4-E2)^2)
=SQRT(E3)
```

घोटाळा होतो तो इथेच. घाईत अनेक जण C रकान्यावर सरळ STDEV.P चालवतात. उत्तर येते १७. चूक उघड आहे: ते सूत्र शक्यतांचा रकाना पाहतच नाही, तिन्ही ओळींना सारखेच वजन देते.

गंमत अशी, की वेगळ्या प्रश्नाचे तेच बरोबर उत्तर आहे. मागच्या अनेक दशकांच्या नोंदी पाहिल्या, तर देशात कमी, सरासरी आणि जास्त पावसाची वर्षे ढोबळमानाने एक तृतीयांश अशी वाटलेली आहेत. अंदाज हाती नसताना हाच तक्ता धरावा लागतो. त्यावर हेच परतावे बसवले, तर अपेक्षित परतावा ३.३ टक्क्यांवर येतो आणि प्रमाण विचलन १७ वर जाते. कंपनी तीच, प्रत्येक पावसातला तिचा परतावा तोच. बदलली ती फक्त माहिती. एप्रिलच्या अंदाजाने परताव्याची अपेक्षा वाढवली आणि जोखीम कमी केली.

प्रमाण विचलनाला मर्यादा आहे, आणि ती याच शेअरमध्ये दिसते. उणे २० हा परतावा सरासरीपासून सुमारे २.८ प्रमाण विचलने खाली आहे. घंटेच्या आकाराच्या परिचित आलेखाचा हिशोब लावला, तर इतकी किंवा याहून मोठी घसरण सुमारे पावणेचारशे वेळांत एकदा व्हायला हवी. आपल्या तक्त्यात ती दहात एकदा होते. तीन ओळींचा, एका बाजूला कललेला तक्ता त्या आलेखात बसत नाही; त्यामुळे १३ आणि ११.९ एवढेच आकडे हाती देऊन तक्ता लपवला, तर वाचणाऱ्याची फसगत होईल.

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये जोखीम मोजण्यासाठी प्रचरणाचा वापर मांडला आणि पुढे १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रचरण नफ्याकडचे आणि तोट्याकडचे अंतर सारखेच मोजते, हे त्यांनाही ठाऊक होते. १९५९ च्या पुस्तकात त्यांनी फक्त खालच्या बाजूची अंतरे मोजणाऱ्या अर्धप्रचरणाचाही विचार केला.

२०२४ चा पाऊस शेवटी सरासरीच्या १०८ टक्के झाला. त्यावरून तक्ता बरोबर होता असे सिद्ध होत नाही. कमी पाऊस पडला असता तरी तो चूक ठरला नसता, कारण १० टक्के म्हणजे शून्य नव्हे. शिवाय देशाची सरासरी गाठली म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात पाऊस झाला असे नाही, आणि पाऊस चांगला होऊनही शेतमालाचे भाव पडले तर ट्रॅक्टर खपत नाहीत. तक्ता मांडणाऱ्याने त्यासाठी चौथी ओळ घालायची आणि तिची शक्यता इतर ओळींतून काढून घ्यायची, म्हणजे बेरीज १ च राहते. मेअखेरीस हवामान खाते सुधारित अंदाज देते, तेव्हा B रकाना बदलून तीनही सूत्रे पुन्हा चालवायची.