पहिला निरोप कुठे धाडायचा?

कुडाळजवळ घरगुती कारखान्यात कोकम आगळ करणारी एक उद्योजिका डोळ्यांसमोर आणू या. मे महिन्यात रातांबे फोडून, मीठ लावून केलेले आगळ आता बाटल्यांत भरले आहे. तिला दोन नवी गिऱ्हाइके हवी आहेत: पुण्यातली किराणा दुकानांची एक साखळी आणि जवळच्याच महामार्गावरचे एक मालवणी हॉटेल. दोघांशीही ओळख नाही. हाताशी ईमेल, व्हॉट्सअॅप आणि लिंक्डइन अशी तीन साधने आहेत. चारच ओळी लिहायच्या आहेत, पण त्या चुकीच्या ठिकाणी पडल्या तर वाचल्याही जाणार नाहीत.

हॉटेलचे काम सोपे आहे. दारावरच्या पाटीवर ‘व्हॉट्सअॅपवर संपर्क साधा’ असे लिहून मालकांनी नंबर दिलेला आहे, म्हणजे तिथे निरोप पाठवायची परवानगीच आहे. मालक दिवसभर गल्ल्यावर आणि स्वयंपाकघरात असतात, ईमेल उघडायला त्यांना सवड नसते. इथे नुसते ‘हाय’ पाठवून उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नाही. अनोळखी नंबरवरून निरोप आला की पडद्यावर ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ ही बटणे लगेच दिसतात. म्हणून आपण कोण, नंबर कुठून मिळाला आणि काय हवे, हे पहिल्याच निरोपात यायला हवे: ‘नमस्कार, मी कुडाळजवळ कोकम आगळ करते. नंबर तुमच्या पाटीवरून घेतला. सोलकढीसाठी नमुन्याची एक बाटली उद्या दुपारी तीननंतर आणून दिली तर चालेल का?’ याला ‘हो’ किंवा ‘नको’ एवढेच उत्तर पुरते.

हाच निरोप पुण्याच्या साखळीतल्या खरेदी अधिकाऱ्याला, एखाद्या ग्रुपमधून उचललेल्या खासगी नंबरवर पाठवला तर मात्र तो घरात घुसल्यासारखा वाटतो. त्यात धोकाही आहे. बऱ्याच जणांनी तक्रार केली तर व्हॉट्सअॅप खातेच बंद करू शकते, आणि तिच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी त्याच नंबरवर येतात.

पुण्याच्या बाबतीत पहिली अडचण वेगळीच आहे: लिहायचे कोणाला? इथे लिंक्डइन उपयोगी पडते. कंपनीच्या पानावरून तिथे काम करणाऱ्यांची यादी उघडते आणि त्यात मसाले-लोणच्यांची खरेदी कोण पाहते, ते हुद्द्यावरून कळते. समोरच्यालाही तिचे नाव, काम आणि फोटो पाहून खात्री करता येते.

पण लिंक्डइनवर जागा फार थोडी असते. जोडणीच्या विनंतीसोबतची चिठ्ठी मोफत खात्यातून साधारण २०० अक्षरांत बसवावी लागते, आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. मराठीत तर काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ‘कोकम’ आपल्या लेखी तीन अक्षरे, यंत्राच्या लेखी चार. एवढ्या जागेत दरपत्रक मांडू नये. ‘कोकम आगळ करते, तुमच्या विभागात नवे पुरवठादार कोण पाहतात?’ एवढे विचारावे. शिवाय अनेक जण लिंक्डइन आठवडा-आठवडा उघडत नाहीत. विनंती तशीच पडून राहिली म्हणून मागे घेतली, तर त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावे लागते.

खरा प्रस्ताव ईमेलवरच जावा. कारण खरेदी अधिकारी एकट्याने निर्णय घेत नाही. तो ईमेल गुणवत्ता तपासणाऱ्याकडे जातो, हिशेब पाहणाऱ्याकडे जातो आणि चार महिन्यांनी शोधला तरी सापडतो. विषयाच्या ओळीत ‘सहकार्याबाबत’ असे मोघम नको. ‘कोकम आगळ, ५०० मिली, कुडाळ: नमुना पाठवू का?’ असे लिहिले की न उघडताही काम कळते. आत पाच-सहा ओळी पुरतात: माल काय, दर काय, महिन्याला किती बाटल्या देता येतील, किती दिवस टिकतो, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि शेवटी एकच प्रश्न. फोटोंची जड फाइल पहिल्या ईमेलला जोडू नये. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल थेट जोडताही येत नाही.

ईमेल पत्त्यावर पोहोचला नाही तर बहुतेक वेळा ‘पत्ता सापडला नाही’ असा निरोप परत येतो. तो स्पॅममध्ये पडला तर मात्र काहीच कळत नाही. म्हणून तोच ईमेल आधी दुसऱ्या कंपनीच्या सेवेवरच्या आपल्याच पत्त्यावर पाठवून बघावा. तिथे स्पॅममध्ये गेला, तर लिंक काढाव्यात आणि ठळक अक्षरांतली ‘खास सवलत’ पुसावी. आठवडाभर उत्तर आले नाही, तर नवा ईमेल न लिहिता त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण द्यावी.

तिने तसेच केले असे धरू. नवव्या दिवशी पुण्याहून ईमेल येतो: सहा बाटल्या पाठवा, सोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. खाली अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर असतो आणि ‘पार्सल निघाले की व्हॉट्सअॅप करा’ अशी सूचना. आता त्या नंबरवर लिहायला काहीच हरकत नाही. ती पावतीचा फोटो काढते आणि पाठवते.