आठवड्याच्या चार सिगारेटींचा हिशेब

कचेरी सुटल्यावर बुलढाण्याच्या एखाद्या पानठेल्यावर, किंवा खामगावच्या बाजारातला सौदा आटोपल्यावर चहाबरोबर, मित्रांच्या आग्रहाखातर एखादी सिगारेट ओढणारा आणि एरवी घरी किंवा कामावर तिचे नावही न काढणारा गृहस्थ स्वतःला धूम्रपान करणाऱ्यांत मोजीत नाही. दिवसाला वीस ओढणारा आठवड्याला एकशे चाळीस ओढतो, आपण चार. तेव्हा आपल्या वाट्याचा धोकाही पस्तिसावा हिस्सा, असे त्रैराशिक त्याने मनाशी मांडलेले असते. हे त्रैराशिकच या विषयातला सर्वांत रूढ गैरसमज होय.

वस्तुस्थिती अशी, की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर बऱ्याच अंशी वाढत जात असला, तरी हृदय आणि रक्तवाहिन्या हा हिशेब मानीत नाहीत. अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून २०१८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे आढळले, की दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकार व पक्षाघात यांचा जो अतिरिक्त धोका उत्पन्न होतो, त्याचा सुमारे चाळीस ते पन्नास टक्के भाग दिवसाच्या एका सिगारेटीनेच अंगावर येतो. याचे कारण शरीरव्यापारात आहे: धुरामुळे रक्तातील बिंबिका परस्परांना चिकटू लागतात आणि रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तर वाहिनीला शिथिल करण्याचे आपले काम नीट करीनासे होते, आणि हे दोन्ही परिणाम अल्प धुरानेच बरेचसे घडून येतात, पुढचा धूर त्यांत त्याच प्रमाणात भर घालीत नाही. म्हणूनच वीसवरून एकावर आलेल्या माणसाला हृदयापुरता जो लाभ अपेक्षित असतो, तो त्याच्या पदरी पडत नाही.

दररोजची एक आणि आठवड्याच्या चार यांत अंतर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात महिन्याला अवघ्या सहा ते दहा ओढणाऱ्यांमध्येही, कधीच न ओढणाऱ्यांच्या मानाने, मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. आणि आपल्या गृहस्थाच्या आठवड्याच्या चार म्हणजे महिन्याच्या सोळा-सतरा होतात. पंचविशीतल्या निरोगी तरुणाला उद्याच काही होईल, असा याचा अर्थ नव्हे. त्या वयात मूळ धोकाच लहान असतो. परंतु ही सवय वयाबरोबर चालत राहिली, तर वाढत्या मूळ धोक्यावर तिची भर पडत जाते.

दुसरा समज अधिक घातक: हवी तेव्हा ओढतो, हवी तेव्हा थांबेन. निकोटिन झुरक्यानंतर काही सेकंदांतच मेंदूत पोचते, आणि तेथील ज्या ग्राहींवर ते बसते, त्यांपैकी निम्मे एक-दोन झुरक्यांनीच व्यापले जातात. तलफ लागण्यासाठी रोज ओढावेच लागते असे नाही. अधूनमधून ओढणाऱ्या किशोरवयीनांतही तिची लक्षणे नोंदलेली आहेत. शिवाय चहा, ठराविक मित्र आणि ठराविक ठेला यांच्याशी सिगारेट जोडली गेली, की ती जागा दिसताच इच्छा जागी होते. चार देशांतील दोन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे अनुमान निघाले, की पहिली सिगारेट चाखणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक, निदान काही काळ, रोज ओढणारे होतात. ही वाट ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत: मागून घेतलेली सिगारेट स्वतः विकत घेतली जाऊ लागते, मित्र नसतानाही ओढली जाते, ठेला बंद दिसल्यावर मन चिडते, आणि शेवटी खिशात पाकीट येते. यांतली पहिली खूण दिसली, तरी तो माणूस अधूनमधून ओढणारा राहिलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाकीट खिशात न येऊ देणारी सुट्या सिगारेटीची विक्रीच या सवयीची खरी दाई आहे. एकेक सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचे सक्तीचे चित्रमय इशारे दिसत नाहीत आणि खर्चही जाणवत नाही. याच कारणास्तव महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व बिड्या विकण्यास मनाई केली. म्हणून ठेल्यावर सुटी मागणे म्हणजे दुकानदाराला गुन्ह्यात ओढणेही आहे. आणखी एक समज विदर्भात ऐकू येतो, की खर्रा सोडून सिगारेट धरली तर बरे. तंबाखूची एक वाट सोडून दुसरी धरल्याने निकोटिनची बेडी तुटत नाही, आणि धुराचा नवा मार मात्र पदरात पडतो.

ज्याला सोडायचे आहे, त्याने आठवड्याच्या चारच्या दोन करण्यात महिने घालवू नयेत. ठेल्यावरचा चहा काही आठवडे दुसऱ्या ठिकाणी घ्यावा, मित्रांना आधीच सांगून ठेवावे आणि तारीख मुक्रर करून पूर्ण थांबावे. स्वतःच्या बळावर जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. चाळिशीच्या आत जो कायमचा थांबतो, तो धूम्रपानाने होणाऱ्या अकाली मृत्यूच्या अतिरिक्त धोक्यापैकी सुमारे नव्वद टक्के टाळतो.