तीन तपासलेल्या उत्तरांतून गुणदानाचे निकष

दहावीच्या मराठीत पत्रलेखनाला ६ गुण असतात. समजा, जेऊरच्या एका शाळेतल्या सराव परीक्षेत विषय आला: सकाळची जेऊर–करमाळा एसटी शाळेच्या वेळेत सोडावी, अशी विनंती करमाळ्याच्या आगारप्रमुखांना करा. सरांनी तीन पत्रे शेरे लिहून तपासली आहेत. बाकीचा गठ्ठा दुसऱ्या बाईंकडे जायचा आहे आणि त्यांना निकष हवेत.

पहिल्या पत्राला ५ गुण. कारण, मागणी, गाडीची नेमकी वेळ, सगळे आहे. दिनांक राहिला म्हणून अर्धा गेला, शुद्धलेखनाच्या चार चुकांना अर्धा. दुसऱ्याला साडेतीन. मुलांचे हाल मनापासून मांडले आहेत, पण मागणी आणि वेळ नाही म्हणून दोन गेले, विषयाची ओळ नाही म्हणून अर्धा. तिसऱ्याला २. आराखडा बिनचूक, पण मजकुरात नुसती मागणी, तिथे तीन गेले, आणि तुटक वाक्यांना एक.

निकष लिहिताना मिळालेल्या गुणांपेक्षा कापलेले गुण अधिक सांगतात. तिसऱ्या पत्रात आशयाचे तीन कापूनही सरांनी मागणीवर बरोबरची खूण केली आहे. म्हणजे तिला अर्धा धरला, तर आशयाला साडेतीन होतात. दुसऱ्या पत्रात दोन कापल्यावर उरलेला दीड कारणाचा. मग नेमक्या वेळेलाही दीडच राहतो. नुसत्या मागणीला अर्धाच मिळतो हे योग्य आहे, कारण ती प्रश्नातच छापलेली असते.

उरले अडीच. आराखड्याला दीड आणि भाषेला एक, की उलट? बेरीज दोन्ही वाटण्यांनी जुळते, म्हणून सरांनाच विचारावे लागते. तिसऱ्याची भाषा शून्याची होती का? ‘नाही, अर्थ कळतो,’ असे ते म्हणाले, तर भाषेला दीड आणि आराखड्याला एक.

आता हे निकष त्याच तीन पत्रांना लावून पाहायचे. दुसरे पत्र इथे अडते: त्यातही चार चुकांभोवती गोल आहेत, पण गुण कापलेला नाही. सुंदर भाषेने सरांचा हात सैल झाला असावा. ही विसंगती झाकायला निकषात पळवाट ठेवू नये. चार चुकांना अर्धा हा नियम कायम ठेवून त्या पत्राचे ३ करावेत, नाहीतर नियमच काढून पहिल्याला साडेपाच द्यावेत.

तिन्ही पत्रे विषयाला धरून आहेत. त्यामुळे विषय सोडून लिहिलेल्या किंवा प्रश्नच उतरवून काढलेल्या पत्राचे काय करायचे, हे त्यांतून निघत नाही. ते सरांकडून वेगळे लिहून घ्यावे. मग चौथे पत्र सर आणि बाईंनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावे. अर्ध्याहून जास्त फरक पडला, तर कुठल्या निकषावर पडला ते शोधून त्याचेच शब्द बदलावेत.

शिक्षकांना एवढीच विनंती: नमुना उत्तर तपासताना प्रत्येक गोलाशेजारी किती कापले ते लिहा, आणि काहीच कापले नसेल तर तिथे शून्य लिहा.